तडजोड झाली, आता 498अ ची केस कोण बंद करणार?

*मॅडम, मी सांगली जिल्ह्यातली आहे. 2022 पासून माहेरी राहते, पाच वर्षांची मुलगी माझ्याकडे आहे. 2023 मध्ये मी नवरा, सासू-सासरे आणि दीर यांच्यावर सासरच्या छळाचं 498अ, शिवाय 406, 323, 506 आणि दिरावर विनयभंगाचं 354 अशी केस केली. चार्जशीट झालेलं आहे. पोटगीच्या अर्जात न्यायाधीशांनी मध्यस्थी केंद्रात पाठवलं आणि तिथे तडजोड होऊन सह्या झाल्या. संमतीने घटस्फोट, मला 15 लाख, दागिने परत, मी केस मागे घ्यायची आणि मुलीच्या पोटगीचा हक्क सोडायचा. 5 लाख मिळाले. आता त्यांचे वकील म्हणतात, ‘तक्रार गैरसमजातून खोटी दिली होती’ असं ॲफिडेव्हिट आधी द्या, मग बाकीचे पैसे. ओळखीचे एक हवालदार म्हणतात, साक्षीत ‘आठवत नाही’ म्हणा, केस आपोआप पडते. भाऊ म्हणतो लोकअदालतीत एका दिवसात मिटेल. दिरानं जे केलं ते खरं आहे. ते खोटं होतं असं मी कसं लिहू?*

नका लिहू. लिहायची गरजही नाही. ते का, हे सांगण्याआधी तुमच्या तडजोडीतलं एक वाक्य तपासावं लागेल, कारण बाकीचा सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. ‘मी केस मागे घ्यायची’ हे ते वाक्य. पोटगीचा अर्ज तुमचा असतो, तो तुम्ही मागे घेऊ शकता. फौजदारी खटला मात्र ‘राज्य विरुद्ध आरोपी’ असा चालतो. त्यात तुम्ही फिर्यादी आणि साक्षीदार आहात, पक्षकार नाही. शिवाय 498अ हा महाराष्ट्रात आपसात मिटवता न येणारा गुन्हा आहे. म्हणजे तुम्ही आणि नवरा दोघं हात जोडून मॅजिस्ट्रेटसमोर उभे राहिलात आणि ‘आमचं मिटलं’ म्हणालात, तरी केवळ तेवढ्यावर मॅजिस्ट्रेट हा खटला संपवू शकत नाहीत. जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली आणि 498अ च्या जागी कलम 85 आणि 86 आलं, पण ही बाब तशीच राहिली. तुमचा गुन्हा 2023 चा असल्यामुळे त्याला जुनीच कलमं लागू राहतील.

भावाच्या लोकअदालतीचं उत्तरही यातच आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 19 प्रमाणे, जो गुन्हा आपसात मिटवता येत नाही त्यावर लोकअदालतीला अधिकारच नाही. पोटगीचा हिशेब तिथे मिटू शकतो, 498अ नाही.

मग मध्यस्थीला अर्थ काय, असं तुम्हाला वाटेल. अर्थ आहे, फक्त तिची हद्द ठाऊक हवी. सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये बी. एस. जोशी प्रकरणात सांगितलं की नवरा-बायकोचा वाद खरोखर मिटला असेल, तर उच्च न्यायालय आपल्या अंगभूत अधिकारात 498अ चा गुन्हा रद्द करू शकतं. 2012 च्या ग्यान सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी हे तत्त्व पक्कं केलं आणि त्याची हद्दही आखून दिली. खून, बलात्कार, दरोडा असे समाजाविरुद्धचे गंभीर गुन्हे तडजोडीवर रद्द व्हायचे नाहीत. वैवाहिक वादातून आलेले, मूळचे खासगी स्वरूपाचे गुन्हे मात्र होऊ शकतात. 2013 मध्ये के. श्रीनिवास राव प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेलं. समेटाची शक्यता दिसत असेल तर फौजदारी न्यायालयांनीसुद्धा 498अ ची प्रकरणं मध्यस्थीकडे पाठवावीत, असं त्यात सांगितलं, आणि त्याचबरोबर या कलमाची धार बोथट करण्याचा आमचा हेतू नाही हेही स्पष्ट केलं.

एक मधला टप्पाही सांगते, कारण त्याच्या अर्धवट आठवणीवर आजही सल्ले दिले जातात. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात, तडजोड झाली तर जिल्हा पातळीवरच फौजदारी प्रकरण निकाली काढता येईल असं म्हटलं होतं. 2018 मध्ये तीन न्यायमूर्तींनी ते बदललं आणि तडजोड झाली असेल तर पक्षकारांनी उच्च न्यायालयात जावं असं सांगितलं. तेव्हा तुमच्या केसचा रस्ता एकच आहे. आरोपींनी उच्च न्यायालयात गुन्हा आणि चार्जशीट रद्द करण्यासाठी अर्ज करायचा. वकील मंडळी ज्याला ‘क्वॅशिंग’ म्हणतात ते हेच. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम 482, आताचं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं 528. सांगली जिल्ह्यासाठी आता मुंबई गाठायची गरज नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सांगली त्याच्या अखत्यारीत येते.

आता ॲफिडेव्हिट. हा अर्ज आरोपी करतात, तुम्ही त्यात प्रतिवादी असता आणि ‘माझी हरकत नाही’ असं शपथपत्र देता. न्यायालय गुन्हा रद्द करतं ते वाद मिटला म्हणून, तक्रार खोटी होती म्हणून नव्हे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि समोरच्या वकिलांच्या मसुद्यात त्या एक करून टाकल्या आहेत. तुमच्या शपथपत्रात इतकंच असावं: अमुक तारखेला मध्यस्थी केंद्रात तडजोड झाली, तिच्या अटी अशा, त्यापैकी एवढ्या पूर्ण झाल्या, ही तडजोड मी दबावाखाली केलेली नाही, आणि मला खटला पुढे चालवायचा नसल्याने तो रद्द होण्यास माझी हरकत नाही. ‘गैरसमजातून’, ‘रागाच्या भरात’, ‘कुणाच्या सांगण्यावरून’, ‘खोटी’ यातला एकही शब्द त्यात नको.

मी याबद्दल इतकी आग्रही का आहे ते ऐका. खोटी फिर्याद देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. आज समेट झाला म्हणून कोणी त्यावर बोट ठेवणार नाही, पण तुमच्या सहीचा, नोटरीचा शिक्का असलेला कागद त्यांच्या फायलीत कायम राहील. उद्या मुलीच्या ताब्यावरून वाद झाला तर ‘ही बाई स्वतःच खोटं बोलल्याचं कबूल करते’ म्हणून तोच कागद पुढे येईल. तपास चालू असताना असला जबाब दिला तर धोका आणखी मोठा असतो. आपल्याकडे पोलीस तपास बंद करताना समरी अहवाल पाठवतात. त्यातली ‘बी समरी’ म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी दिल्याचा शेरा. केस लवकर मिटावी म्हणून पोलीस ठाण्यात ‘खोटी होती’ असा पुरवणी जबाब लिहून दिलेल्या बायकांना त्या शेऱ्याचा अर्थ फार उशिरा कळतो. तुमचं चार्जशीट झालेलं असल्याने ती वाट तशीही बंद आहे, पण कोणी पोलीस ठाण्यात ‘एक सही’ करायला बोलावलं तर जाऊ नका.

हवालदारांनी सांगितलेला मार्ग राज्यभरात रोज वापरला जातो, हे मला माहीत आहे. फिर्यादी साक्षीत फिरते, सरकारी वकील तिला फितूर जाहीर करतात, आरोपी सुटतात. पण तुम्ही शपथेवर उभ्या असता. जे आठवतं ते ‘आठवत नाही’ म्हणणं ही खोटी साक्ष आहे, आणि त्याबद्दल कारवाईचा अधिकार न्यायालयाला असतो. शिवाय तुमच्या दृष्टीने त्यात एक व्यावहारिक तोटा आहे, तो हवालदारांच्या लक्षात आलेला नसावा. साक्ष फितूर होऊन निर्दोष सुटका झाली तर त्या निकालात तडजोडीचा शब्दही येत नाही. 15 लाख, दागिने, मुलगी, कशाचाच उल्लेख नाही. उच्च न्यायालयाच्या आदेशात मात्र तडजोडीच्या अटी आणि नवऱ्याने दिलेली हमी नोंदवली जाते. ती हमी मोडली तर न्यायालयाचा अवमान होतो. 10 लाख अजून येणं आहे, तेव्हा तुम्हाला हा फरक लहान वाटू नये.

पैशांच्या क्रमाकडे येऊ. तडजोडी मोडतात त्या बहुतेक याच ठिकाणी. नवऱ्याला भीती असते की पैसे घेऊन ही क्वॅशिंगला येणारच नाही. तुम्हाला भीती असते की सही घेऊन तो पैसे देणारच नाही. दोन्ही भीती खऱ्या आहेत, म्हणून आधी कोण या प्रश्नावर भांडण्यापेक्षा टप्पे असे लावायचे की कुठल्याही दिवशी एका बाजूचं सगळं दिलेलं आणि दुसऱ्या बाजूचं सगळं राहिलेलं असं होऊ नये.

तुमच्या बाबतीत मी असे लावेन. दागिने सर्वांत आधी, संमती घटस्फोटाचा अर्ज दाखल करण्यापूर्वी. यादी करून, वजन करून, दोन्ही बाजूंच्या सह्यांच्या पावतीवर. काही दागिने पोलिसांनी मुद्देमाल म्हणून जप्त केले असतील तर ते नवऱ्याच्या हातात नाहीत. ते मॅजिस्ट्रेट न्यायालयात अर्ज करून तुम्हाला सोडवावे लागतील, त्याला त्यांची हरकत नसल्याचं लेखी घ्या. मग हिंदू विवाह कायद्याच्या 13ब खाली घटस्फोटाचा अर्ज. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं असतं, पण तुम्ही 2022 पासून वेगळ्या राहता आणि देण्याघेण्याचं ठरलेलं आहे. अशा स्थितीत हा काळ माफ करता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं आहे. तो अर्ज सोबतच द्या. दुसऱ्या वेळी जबाब होऊन घटस्फोटाचा हुकूम होईल त्या दिवशी 5 लाखांचा डिमांड ड्राफ्ट न्यायालयातच हातात. उरलेल्या 5 लाखांचा ड्राफ्ट उच्च न्यायालयात, गुन्हा रद्द करण्याच्या सुनावणीच्या दिवशी, न्यायमूर्तींसमोर. न्यायालये हे नेहमी करू देतात, आदेशात ड्राफ्टचा नंबर आणि बँकेचं नाव लिहिलं जातं. ड्राफ्ट तीन महिनेच चालतो आणि उच्च न्यायालयातली तारीख पुढे जाऊ शकते, म्हणून तो वेळेवर बदलून आणण्याची जबाबदारी नवऱ्यावर आहे, असं लिहून घ्या. त्यांना त्याहून खात्री हवी असेल तर रक्कम आधीच न्यायालयात जमा करता येते आणि आदेशानंतर तुम्हाला काढता येते. याला ते नाही म्हणाले, तर पैसे द्यायची तयारीच नाही असं समजायला जागा आहे.

क्वॅशिंग शेवटी ठेवायचं कारण साधं आहे. एकदा रद्द झालेला गुन्हा सहसा परत उभा राहत नाही, तर संमती घटस्फोटातली संमती हुकूम होईपर्यंत कोणीही मागे घेऊ शकतो. आधी गुन्हा रद्द झाला आणि मग नवऱ्याने दुसऱ्या तारखेला यायचंच टाळलं, तर तुमच्याकडे फार थोडं उरतं. ‘घटस्फोट आणि निम्म्याहून जास्त पैसे घेऊन ही क्वॅशिंगला नकार देईल’ असं त्यांचे वकील म्हणतील. त्यांना तुमच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा 2005 चा निकाल दाखवावा. तडजोडीचे फायदे घेऊन झाल्यावर पत्नी फिरली, तेव्हा त्या न्यायालयाने तिचा नकार बाजूला ठेवून फौजदारी कारवाई रद्द केली होती. म्हणजे तिकडचा धोका न्यायालयाने आधीच झाकलेला आहे.

अर्जात एक बारकावा पाहायचा. सगळे आरोपी अर्जदार आहेत ना? चौघांपैकी एखादा राहिला तर त्याच्यापुरता खटला खाली चालू राहतो आणि दोन वर्षांनी तुम्हाला साक्षीचं समन्स येतं. हे नजरचुकीने घडतं, आणि कधी जाणूनबुजूनही घडू शकतं. तिथून मी तुमच्या दिराकडे येते.

354 तडजोडीत असं सहज ओढून नेलं जातं, याचा मला राग येतो. हुंडा, दागिने, घरातला छळ यांचा हिशेब आणि एका पुरुषाने तुमच्या अंगावर टाकलेला हात या दोन गोष्टी एका पोत्यात भरून ‘15 लाखांत सगळं’ असं म्हणणं बरोबर नाही. कायदा काय म्हणतो? बलात्काराच्या आरोपाला तडजोड नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. जुलै 2025 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात त्याने असा गुन्हा रद्द केला, पण तो अपवादात्मक परिस्थितीचा निर्णय आहे आणि तसं त्यात म्हटलंही आहे. हुंडाबळीलाही समेट चालत नाही. खुनाच्या प्रयत्नाचं कलम असेल तर न्यायालय जखम कुठे, किती, कशाने झाली ते पाहतं, नुसत्या कलमाच्या आकड्यावर थांबत नाही. एका टोकाला हे गंभीर गुन्हे आणि दुसऱ्या टोकाला घरगुती वादातले गुन्हे, 354 या दोन टोकांच्या मध्ये आहे. इथे न्यायमूर्ती तुमच्या फिर्यादीचा मजकूर वाचतील. ‘दीर वाईट नजरेने पाहायचा’ असं मोघम वाक्य असेल तर वैवाहिक वादाचाच भाग म्हणून सगळ्यासोबत तेही रद्द होण्याची शक्यता बरीच असते. तारीख, जागा, काय केलं हे स्पष्ट असेल तर ते तुम्हाला थेट प्रश्न विचारतील, आणि तेवढ्यापुरता अर्ज नाकारूही शकतात.

पण न्यायालय काय करेल याच्याआधी तुम्हाला काय हवं हा प्रश्न आहे, आणि तुमच्या पत्रात त्याचं उत्तर मला दिसलं नाही. तुमची हरकत नसणं हे नवरा आणि सासू-सासऱ्यांपुरतं असू शकतं. गुन्हा काही आरोपींपुरता रद्द करून दिरावरचा खटला चालू ठेवणं कायद्याला मान्य आहे. त्याने तडजोड अडेल का? कदाचित अडेल. ते म्हणतील सगळे नाहीतर कोणीच नाही. त्याचा तोटा सोसायचा की त्या खटल्याच्या तारखा, उलटतपासणी, पुन्हा तेच सांगणं नको म्हणून सोडून द्यायचं, हे तुम्ही ठरवायचं. मी दोन्ही निर्णय घेतलेल्या बायका पाहिल्या आहेत आणि त्यातली कुठलीच मला चुकीची वाटली नाही. भावाने, वकिलांनी किंवा मध्यस्थांनी ते तुमच्यासाठी ठरवू नये. सोडायचं ठरवलंत तरीही शपथपत्रात ‘तसं काही घडलं नाही’ असं येता कामा नये. ‘पुढे चालवायचं नाही’ इतकंच.

सह्या झाल्या म्हणून हे आता बोलता येणार नाही असं समजू नका. तडजोडीत बदल करायला दोघांची संमती लागते, पण मध्यस्थांकडे पुन्हा बैठक मागता येते. एकट्याने, नवऱ्याशिवाय बोलायचं आहे असंही सांगता येतं. तिथे बोललेलं बाहेर जाणार नाही. मध्यस्थाने न्यायालयाला फक्त झालेला करार पाठवायचा किंवा ‘यशस्वी झाली नाही’ इतकंच कळवायचं, आतलं बोलणं कळवायचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या सुमारासच ठरवून दिलं आहे. आणि कोल्हापूरला सुनावणीच्या दिवशी तुम्हाला स्वतः हजर राहावं लागेल. तुमची ओळख पटवून न्यायमूर्ती विचारतात की ही संमती तुमची स्वतःची आहे का, कोणी धमकी दिली का, पैसे मिळाले का. तो प्रश्न रिवाज म्हणून विचारला जात नाही. एखादी बाई ‘नाही’ म्हणाली किंवा नुसती गप्प उभी राहिली तरी अर्ज थांबतो. म्हणून घाबरून एखादा कागद आधीच सही करून दिला असेल, तर तो शेवटचा शब्द नाही. आपल्या वकिलांना लेखी कळवा आणि त्या दिवशी तोंडाने सांगा.

राहिली मुलगी. ‘पोटगीचा हक्क सोडला’ या कलमात तुम्ही तुमचा हक्क सोडू शकता, तिचा नाही. अज्ञान मुलाचे हक्क आईवडिलांच्या तडजोडीत सोडून देता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. म्हणजे हे वाक्य तसंच राहिलं तरी उद्या तिच्यासाठी पोटगी मागायला ते आडवं येऊ नये. तरी ते राहू देऊ नका. ते दाखवून तुम्हाला वर्षानुवर्षं ‘तुम्हीच लिहून दिलंय’ असं अडवतील आणि प्रत्येक वेळी न्यायालयात जाऊन तेच सिद्ध करावं लागेल. दुरुस्ती मागताना ‘पत्नीने स्वतःच्या भविष्यातील पोटगीचा हक्क सोडला आहे, मुलीचे हक्क अबाधित आहेत’ असं लिहून घ्या. 15 लाखांत मुलीचा वाटा धरलेला असेल तर तो आकडा वेगळा काढून तिच्या नावाने मुदत ठेवीत ठेवायला सांगा. तुमचा आकडा कोणता आणि तिचा कोणता, हे मिसळलेलं असलं की पुढे दोन्हीवर वाद होतो. वडिलांना तिला कधी भेटता येईल हेही याच कागदावर लिहा, नाहीतर नवा खटला तिथून सुरू होतो.

या आठवड्यात समोरच्या वकिलांना तुमच्या वकिलांकडून एक पत्र जाऊ द्या: तडजोड आम्हाला मान्य आहे, मसुद्यातला ‘खोटी, गैरसमजातून’ हा भाग मान्य नाही, सोबत आमचा मसुदा आणि पैशांचे टप्पे. त्यात दिराबद्दलचा तुमचा निर्णय असू द्या, म्हणून पत्र एक-दोन दिवस उशिरा गेलं तरी चालेल. तुमच्याकडे वकील नसेल किंवा आहेत ते घाई करत असतील, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. आणि कोल्हापूरचा आदेश झाला की त्याची प्रमाणित प्रत घेऊन खालच्या मॅजिस्ट्रेट न्यायालयात दाखल करा. तिथे खटला निकाली निघाल्याची नोंद होईपर्यंत तारखा पडतच राहतात, आणि अशा तारखेला गैरहजर म्हणून तुमच्या नावाने वॉरंट निघू शकतं.